लग्नाआधी एकमेकांपुढे काय मांडायचं: कर्ज, बचत आणि घरच्यांना दिलेले शब्द

लग्न ठरल्यावर पैशाचा विषय निघालाच तर बहुतेक वेळा एकच प्रश्न विचारला जातो: "तुझ्यावर काही कर्ज आहे का?" उत्तरही तेवढंच येतं: "हो, एक शैक्षणिक कर्ज आहे," किंवा "नाही, काही नाही." दोन्ही उत्तरं प्रामाणिक असतात, तरीही अपुरी पडतात. आपल्या नावावर असलेलं आणि दरमहा खात्यातून कापलं जाणारं कर्ज माणसाला आठवतं. दुसऱ्याच्या कर्जावर केलेली सही, काकांकडून घेतलेले उसने पैसे, धाकट्या बहिणीच्या शिक्षणाचा दिलेला शब्द, आईच्या औषधांचा खर्च यांपैकी कशालाच आपण मनात 'कर्ज' म्हणत नाही. पण संसार सुरू झाला की महिन्याचा पैसा जातो तो याच वाटांनी.

म्हणून या लेखात मी एकाच गोष्टीवर भर देणार आहे. नजरेतून सुटणाऱ्या जबाबदाऱ्या शोधायच्या कशा, मांडायच्या कशा आणि मग दोघांच्या हातात खरोखर किती उरतं ते काढायचं कसं. गुंतवणूक कुठे करावी, खातं एकत्र असावं की वेगळं, हे प्रश्न त्यानंतरचे.

आधी आपली आपण यादी, मग एकत्र बैठक

लग्नाचा निर्णय मनापासून पक्का झालेला असावा, पण मोठ्या खर्चाच्या आगाऊ रकमा अजून भरलेल्या नसाव्यात. बोलण्यासाठी हीच वेळ योग्य. त्याआधी बोललं तर चौकशी वाटते. त्यानंतर बोललं तर काहीही समोर आलं तरी "आता काय करणार" म्हणत गप्प बसावं लागतं.

सुरुवात प्रश्नाने करू नका, स्वतःच्या यादीने करा. "माझ्या डोक्यावर काय काय आहे ते मी लिहून काढलंय. तूही काढशील का? पुढच्या आठवड्यात दोघं एकत्र बसून बघू." एवढं वाक्य पुरतं. मधला आठवडा महत्त्वाचा आहे, कारण समोरासमोर बसून आठवत गेलं की माणूस संकोचाने आकडे गोल करतो आणि कमी सांगतो.

ही यादी आठवणीतून करायची नाही. बँकेचं मागच्या १२ महिन्यांचं खाते-विवरण काढा आणि त्यातली बाहेर जाणारी प्रत्येक रक्कम पेन्सिलने तपासा. दुकानं, बिलं, प्रवास सोडून द्या. एखाद्या माणसाच्या नावे गेलेल्या रकमा आणि कर्ज देणाऱ्या संस्थांच्या नावे गेलेल्या रकमा यांच्यावर खूण करा. सहा महिन्यांचं विवरण पुरत नाही, कारण विम्याचा हप्ता, शिक्षणाची फी, घराची दुरुस्ती असे वर्षातून एकदा येणारे खर्च त्यात सापडतीलच असं नाही.

दुसरा कागद म्हणजे पतअहवाल. अनेक देशांत पतमाहिती ठेवणाऱ्या संस्थांकडून स्वतःचा अहवाल वर्षातून निदान एकदा मोफत मिळतो. आपल्या नावावरची कर्जं, क्रेडिट कार्डं, थकलेले हप्ते त्यात दिसतात आणि बऱ्याच ठिकाणी सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून असलेली नोंदही दिसते. कधी बंद केलं असं वाटणारं जुनं कार्ड उघडंच असल्याचं इथे कळतं. मात्र घरगुती उसनवारी या अहवालात कधीच येत नाही. ती आपणच लिहायची.

कर्जाची नोंद कशी करायची

प्रत्येक कर्जापुढे चार गोष्टी लिहा: आज किती बाकी आहे, दरमहा किती जातात, व्याजदर किती आणि शेवटचा हप्ता कधी. 'मूळ कर्ज किती घेतलं होतं' हा आकडा आता निरुपयोगी आहे. 'शेवटचा हप्ता कधी' ही नोंद मात्र पुढच्या सगळ्या हिशेबाचा कणा आहे, कारण तीस महिन्यांत संपणारा हप्ता आणि पंधरा वर्षं चालणारा हप्ता दोन्ही आज सारखेच दिसले तरी संसारावरचा त्यांचा भार वेगळा असतो.

क्रेडिट कार्डाबद्दल थोडं थांबून सांगतो. "कार्डाचं बिल मी वेळेवर भरते" या वाक्याचे दोन अर्थ होतात. पूर्ण बिल भरणं आणि किमान रक्कम भरणं. किमान रक्कम भरली तर विलंबशुल्क लागत नाही, पण उरलेल्या रकमेवर व्याज चालूच राहतं. समजा महिन्याला ३ टक्के व्याज आहे आणि किमान रक्कम बाकीच्या ५ टक्के आहे. म्हणजे भरलेल्या प्रत्येक ५ पैकी ३ व्याजात जातात आणि बाकी फक्त २ टक्क्यांनी कमी होते. या गतीने, एकही नवी खरेदी न करता, बाकी निम्मी व्हायला सुमारे ३४ महिने लागतात. म्हणून कार्डाची चौकशी करताना "बिल भरतोस का" असं विचारू नका, "मागच्या बिलातली किती रक्कम पुढे ओढली गेली" असं विचारा.

सही केलेली, पण आपली न वाटणारी कर्जं

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे द्यायला हवा.

भावाने धंद्यासाठी कर्ज काढलं, बँकेने जामीनदार मागितला, आपण सही केली. हप्ता भाऊ भरतो, त्यामुळे आपल्या खात्यात त्याची खूणही दिसत नाही. पण जामीन म्हणजे केवळ ओळखीचा दाखला नव्हे. कर्ज थकलं तर बँक जामीनदाराकडे वसुलीला येऊ शकते, आणि अनेक देशांच्या कायद्यात आधी मूळ कर्जदाराची सगळी मालमत्ता संपवल्याशिवाय येऊ नये असं बंधन नसतं. भारतीय करार कायद्यातही, करारात वेगळं काही ठरलं नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच धरली जाते. शिवाय "आता माझं लग्न होतंय, माझं नाव काढा" म्हणून दिलेल्या कर्जावरचा जामीन एकतर्फी सोडता येत नाही. त्यासाठी बँकेची संमती लागते, आणि बँक बहुधा त्या जागी दुसरा जामीनदार किंवा वेगळं तारण मागते.

सहकर्जदाराची गोष्ट याहून सरळ आहे. कर्ज त्याचंही आहे. घर आईच्या नावावर, हप्ता मुलीच्या पगारातून, असं असेल तर ती मुलगी "माझ्यावर कर्ज नाही, आईच्या घराचं आहे" असं अगदी मनापासून सांगते. यात लपवाछपवी नसते. पण दोन गोष्टी स्पष्ट व्हायला हव्यात: कर्जावर तिची सही आहे का, आणि घराच्या मालकीत तिचं नाव आहे का. हप्ता भरते म्हणून मालकी आपोआप मिळत नाही.

जामीन असेल तर एकमेकांना नुसती 'सही केली आहे' एवढी माहिती देऊन थांबू नका. ज्याच्यासाठी सही केली त्याच्याकडून कर्जाचं ताजं विवरण मागून घ्या. किती बाकी आहे, हप्ता किती आहे आणि मागच्या वर्षभरात एखादा हप्ता उशिरा गेला का, हे त्यात दिसतं. बँकेचे फोन जामीनदाराला यायला लागले असतील, भाऊ विवरण दाखवायला टाळाटाळ करत असेल, किंवा एक हप्ता भरायला त्याने आपल्याकडूनच मधे पैसे नेले असतील, तर ते कर्ज अडचणीत आहे असं समजूनच हिशेब करावा.

याच भागात लग्नाच्या खर्चासाठी काढलं जाणारं कर्जही येतं. ते कोणाच्या नावावर निघणार आणि लग्नानंतर कोण फेडणार, हे दोघांनाही आधी माहीत हवं. वडिलांच्या नावावर निघालेलं कर्ज मुलाच्या पगारातून फिटणार असेल तर ते नव्या संसाराचंच कर्ज आहे.

तोंडी व्यवहार

काकांनी शिक्षणाच्या वेळी पैसे दिले होते, "जमेल तेव्हा दे" म्हणाले होते. हेही लिहा. पुढे प्रश्नचिन्ह टाका आणि लग्नाआधी काकांना स्वतः जाऊन विचारा: "काका, तुम्ही दिलेले पैसे माझ्या डोक्यात आहेत. ते कधी आणि कसे परत करू?" काही जण म्हणतील, राहू दे. काही जण वाटच बघत असतील. दोन्ही उत्तरं उपयोगी आहेत. आणि हा प्रश्न होणाऱ्या जोडीदाराने विचारण्यापेक्षा आपण विचारणं बरं.

उलट दिशेचे पैसेही लिहा. आपण कोणाला दिलेले, अजून परत न आलेले पैसे बचतीत धरू नका. येतील तेव्हा येतील. आज त्यांची किंमत शून्य.

बचत सांगताना तीन प्रश्न

बचतीचा एकूण आकडा फारसं काही सांगत नाही. प्रत्येक रकमेपुढे तीन प्रश्न विचारा. हे पैसे खरोखर माझे आहेत का? उद्या लागले तर किती दिवसांत हातात येतील? आणि माझं काही बरंवाईट झालं तर नोंदीप्रमाणे ते कोणाकडे जातील?

पहिला प्रश्न विचित्र वाटेल, पण वडिलांची ठेव मुलाच्या नावावर असणं, आईने बाजूला ठेवलेले पैसे मुलीच्या खात्यात असणं हे सर्रास घडतं. ती रक्कम सांगायची, पण वेगळ्या रकान्यात. दुसऱ्या प्रश्नाने निवृत्ती निधीसारखे अडकलेले पैसे बाजूला पडतात. तिसरा प्रश्न नॉमिनीचा. लग्नाआधी तिथे आई किंवा वडील असणं स्वाभाविकच आहे. लग्नानंतर काय बदलायचं आणि काय तसंच ठेवायचं, हे ज्याचं त्याने ठरवून दुसऱ्याला सांगायचं.

घरच्यांची जबाबदारी आकड्यात आणि तारखेत

"घरी थोडे पैसे देतो" हे वाक्य बोलणाऱ्याला पुरेसं वाटतं, ऐकणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही. इथे १२ महिन्यांचं विवरण कामाला येतं. दरमहाची ठरावीक रक्कम आणि मधे मधे गेलेल्या मोठ्या रकमा यांची बेरीज करा, १२ ने भागा. खरा आकडा तो.

मग प्रत्येक जबाबदारीपुढे लिहा: ही कधीपर्यंत आहे, पुढे वाढण्याची शक्यता किती, आणि भावंडांपैकी आणखी कोण यात वाटा उचलतं. यांतली बरीच उत्तरं आपल्यालाही माहीत नसतात. ती घरी विचारावी लागतात. आईवडिलांचा आरोग्य विमा आहे का, किती रकमेचा? त्यांच्यावर काही कर्ज आहे का? त्यांचं स्वतःचं उत्पन्न कुठून आणि कधीपर्यंत येणार? बहिणीच्या पुढच्या शिक्षणासाठी ते आपल्याकडून काही धरून चालले आहेत का? हा शेवटचा प्रश्न नक्की विचारा. आपण शब्द दिलेला नसतो, पण घरच्यांनी तो गृहीत धरलेला असतो, आणि आपल्याला ते लग्नानंतर कळतं.

एक मर्यादा पाळावी. घरच्यांची सगळी हकीकत सांगायचा अधिकार आपल्याला नाही. वडिलांचं कर्ज कशामुळे झालं, भावाचा धंदा का बसला, हे त्यांच्या आयुष्यातलं आहे. जोडीदाराला आकडा, मुदत आणि आपला वाटा कळायला हवा. कारण सांगायचं की नाही हे घरच्यांना विचारून ठरवा.

आणखी एक गोष्ट मला ठामपणे म्हणायची आहे. मुलगा आईवडिलांना पैसे देतो ते कर्तव्य, आणि मुलगी देते त्यासाठी परवानगी, असा हिशेब अनेक घरांत न बोलता चालतो. लग्नानंतर तिचा पगार माहेरी जाणार नाही असं कोणीतरी मनात धरलेलं असतं आणि ती मात्र तो जाणारच असं धरून चालते. दोन्ही बाजूंच्या आईवडिलांच्या रकमा एकाच यादीत, एकाखाली एक, एकाच शाईने लिहा. ज्या नियमाने त्याच्या घरची रक्कम ठरेल, त्याच नियमाने तिच्या घरची.

एक हिशेब, आकड्यांसह

आता हे सगळं एका जोडप्याच्या उदाहरणावर बघू. चलन कोणतंही असो, सोयीसाठी त्याचा हातात येणारा पगार १०० धरू. तिचा ८०. बाकीचे सगळे आकडे याच मापात.

पहिल्या बोलण्यात तो म्हणाला, "शैक्षणिक कर्जाचा हप्ता आहे, १८." ती म्हणाली, "मला कर्ज नाही." १८० मधून १८ गेले, उरले १६२. घरभाडं धरून संसाराचा खर्च १०० पर्यंत नेला तरी ६२ शिल्लक, असं दोघांना वाटलं.

मग यादी केली. त्याच्या कार्डावर ६० बाकी निघाले, ज्यावर तो दरमहा ३ एवढी किमान रक्कम भरत होता. घरी तो दरमहा ११ पाठवत होता, पण वर्षात एकदा छताच्या दुरुस्तीला २० आणि वडिलांच्या उपचारांना २८ गेले होते. वर्षाचे १८०, म्हणजे महिन्याला १५. त्याचे उरले ६४. तिच्या पगारातून आईच्या घराचा हप्ता १४ जात होता, ज्यावर ती सहकर्जदार आहे. आईची औषधं आणि विमा मिळून १२. तिचे उरले ५४. दोघांचे मिळून ११८. आधीच्या समजुतीपेक्षा ४४ कमी, आणि यात कोणीही खोटं बोललेलं नव्हतं.

यात अजून दोन गोष्टी धरायच्या आहेत. त्याच्या बहिणीची फी दोन वर्षांनी सुरू होईल, त्याचा वाटा महिन्याला १०. आणि भावाच्या कर्जाला तो जामीन आहे, ज्याचा हप्ता २०.

बचतीचंही तसंच. तो म्हणाला होता २५०, पण त्यातले १५० वडिलांचे. ती म्हणाली होती ५००, पण १२० मामांना दिलेले आणि २३० निवृत्ती निधीत अडकलेले. लगेच हातात येण्यासारखे त्याचे १००, तिचे १५०.

इथून निर्णय सुरू होतात. पहिला निर्णय सोपा होता. त्याने स्वतःच्या १०० मधून कार्डाचे ६० लगेच फेडले. एवढं महाग व्याज भरत ठेव सांभाळण्यात काही अर्थ नसतो. दरमहाचे ३ मोकळे झाले, म्हणजे उरणारी रक्कम १२१. दोघांची हाताशी असलेली बचत १९०. तिने "माझ्यातले घे" असं म्हटलं होतं, त्याने ते घेतले नाहीत आणि मला ते योग्य वाटतं. लग्नाआधीचं एकाचं कर्ज दुसऱ्याच्या बचतीतून फेडायचंच असेल तर ती भेट आहे की उसने, हे आधी लिहून ठेवावं.

दुसरा निर्णय संसाराच्या खर्चाचा. खर्च १०० ठेवला तर उरतात २१. भावाचा हप्ता अंगावर आला तर उरतो १. बहिणीची फी सुरू झाली की ९ ची तूट. म्हणून त्यांनी लहान घर बघायचं ठरवलं आणि खर्च ७५ वर आणला. आता दरमहा ४६ उरतात. भावाचा हप्ता अंगावर आला तरी २६. त्यात बहिणीची फी धरली तरी १६. ओढाताण होईल, पण मोडणार नाही. शैक्षणिक कर्ज तिसाव्या महिन्यात संपतं, म्हणजे अवघड काळ फीच्या सुरुवातीपासूनचे सहा महिने आहे. त्यानंतर १८ मोकळे होतात. शेवटच्या हप्त्याची तारीख लिहायची ती यासाठी.

तिसरा निर्णय राखीव पैशाचा. टाळता न येणारा महिन्याचा खर्च किती? संसाराचे ७५, त्याचे १८ आणि १५, तिचे १४ आणि १२. एकूण १३४. तीन महिन्यांचे ४०२. हातात १९० आहेत, २१२ कमी पडतात. दरमहा ४६ बाजूला टाकले तर पाच महिने लागतील. त्यानंतर जामिनापोटी सहा हप्त्यांचे १२० वेगळे ठेवायला आणखी तीन महिने. म्हणून पहिले आठ महिने कोणतंही नवं कर्ज घ्यायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. गाडीही नाही आणि घरही नाही.

हेच १९० लग्नसमारंभात खर्च झाले असते तर तीन महिन्यांची राखीव रक्कम जमायला पाचऐवजी नऊ महिने लागले असते. समारंभ किती मोठा करायचा याचा वाद अशा आकड्याजवळ आला की बराच शांत होतो. कारण मग प्रश्न कोणाच्या हौसेचा राहत नाही, चार महिन्यांचा होतो.

तुमचे आकडे वेगळे असतील. क्रम मात्र हाच ठेवा: आधी जाणाऱ्या रकमा, मग येऊ घातलेल्या, मग येऊ शकणाऱ्या, आणि या तिन्हींनंतर घरभाडं. बहुतेक जोडपी नेमकी उलटी सुरुवात करतात. घर आधी पसंत करतात.

कायद्याचं थोडक्यात

लग्नाआधीचं कर्ज लग्नाने आपोआप जोडीदाराचं होतं का? याचं उत्तर राहण्याच्या ठिकाणावर अवलंबून आहे. जर्मनीत नेहमीच्या पद्धतीत ज्याची मालमत्ता आणि ज्याचं कर्ज त्याचंच राहतं. कॅलिफोर्नियात लग्नानंतरची सामाईक मालमत्ता एकाच्या लग्नाआधीच्या कर्जासाठीही जबाबदार धरली जाऊ शकते. गोव्यात लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर पतिपत्नीची मालमत्ता सामाईक मानण्याची पद्धत आहे. भारतात इतरत्र बहुतेक ठिकाणी अशी सामाईक मालमत्ता आपोआप होत नाही. एकाच्या नावावर मोठं कर्ज, धंदा किंवा जामीन असेल तर आपल्या ठिकाणच्या वकिलाला लग्नाआधी एकदा भेटा. काही करार लग्नानंतर करता येत नाहीत, आणि लग्नानंतर दुसऱ्या देशात राहायला जाणार असाल तर लागू होणारे नियमही बदलू शकतात.

दोघांनी मिळून केलेल्या सहीला मात्र सगळीकडे वजन आहे. म्हणून लग्न होण्याआधी जोडीदाराच्या जुन्या कर्जावर सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून सही करू नका, कितीही आपुलकीने मागितली तरी.

अडलं तर

काही जण यादी दाखवतात, कागद दाखवत नाहीत. सुरुवातीला संकोच असू शकतो. पण माझा नियम असा: ज्या रकमेवर पुढचा निर्णय अवलंबून आहे तिचा कागद दोघांनी पाहावा, बाकीच्या गोष्टी शब्दावर चालतील. पासवर्ड, पिन, ओटीपी या देवाणघेवाणीचा भाग नाहीत. विवरणाची प्रत पुरते.

मोठं कर्ज समोर येणं हे नातं थांबवायचं कारण आहेच असं नाही. आकडा माहीत आहे, हप्ता नियमित आहे, संपायची तारीख ठरली आहे, तर ते ओझं वाटून घेता येतं. विचार करायला लावणारी लक्षणं वेगळी असतात. दुसऱ्या भेटीत आकडा बदलतो. एक कर्ज फेडायला दुसरं काढलेलं असतं आणि विचारल्यावरच कळतं. उसने घेतलेल्यांची नावं वाढत जातात. किंवा "लग्नानंतर तुझ्या पगारातून होईल" असं गृहीत धरलेलं असतं. यांपैकी काही दिसलं तर तारीख पुढे ढकला आणि ती व्यक्ती स्वतःहून पूर्ण यादी करते का ते बघा. कर्ज किती, यापेक्षा ती यादी येते की नाही, हे जास्त सांगून जातं.

दोन्ही घरच्यांना या बैठकीत बसवू नका. ठरल्यानंतर आपापल्या आईवडिलांना आपण सांगायचं. त्याच्या घरी तो सांगेल की दरमहा १५ जातील आणि छताच्या दुरुस्तीसारखं काही आलं तर आधी आम्ही दोघं बोलू. तिच्या घरी ती सांगेल की आईचा हप्ता आणि औषधं चालू राहतील. सुनेने किंवा जावयाने नकार कळवायची वेळ आली की कडवटपणा येतो, म्हणून ज्याचे आईवडील त्याने सांगायचं.

शेवटी एका कागदावर एवढंच लिहा: दोन्ही घरी जाणाऱ्या रकमा, प्रत्येक कर्जाची शेवटची तारीख, राखीव रकमेचं उद्दिष्ट, कोणत्या रकमेपेक्षा मोठा खर्च किंवा मदत एकमेकांना विचारल्याशिवाय करायची नाही, आणि नव्या जामिनावर सही करण्याआधी दोघांची संमती. दोघांकडे एकेक प्रत ठेवा. पगार बदलला, नोकरी गेली, बाळ येणार असेल किंवा आईवडिलांपैकी कोणाचं आजारपण आलं, तर त्याच आठवड्यात तो कागद काढून आकडे पुन्हा घाला. यातलं काहीच घडलं नाही तर वर्षातून एकदा, दोघांचे ताजे पतअहवाल काढाल तेव्हा.